'माझ्याकडून तो ओळखला गेला': कर्मणी रूपांतर कुठे चालतं आणि कुठे अडखळतं

प्रश्न: मुलीच्या मराठीच्या वर्कशीटमध्ये 'पुढील वाक्ये कर्मणीत लिहा' असा प्रश्न आहे. सोबतच्या उत्तरांमध्ये 'माझ्याकडून तो ओळखला गेला', 'आजोबांकडून रात्री पुस्तक वाचले जात नाही' अशी वाक्यं दिली आहेत. असं कोणी बोलतं का? ती म्हणते नियमाप्रमाणे बरोबर आहे, मला वाचताना चूक वाटते. कोणाचं खरं, आणि पुढच्या वेळी कसं ठरवायचं?

उत्तर:

तुमचं दोघींचंही खरं आहे, कारण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी तपासताय. मुलगी रूप तपासते आहे. कर्त्याला योग्य प्रत्यय लागला का, क्रियापद कर्माप्रमाणे बदललं का, हे ती पाहते. तुम्ही वापर तपासताय, म्हणजे हे वाक्य कोणी, कोणत्या प्रसंगी म्हणेल. वर्कशीट फक्त पहिल्याचे गुण देते. शिवाय 'कर्मणी' या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या रचना शिकवल्या जातात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी त्या दोन रचना वेगळ्या करू, मग रूपांतराच्या पायऱ्या पाहू आणि त्यानंतर न पटणाऱ्या वाक्यांकडे येऊ.

पहिली रचना आपण दिवसभर बोलतो. 'मुलगा पत्र लिहितो', 'मुलगी पत्र लिहिते' या वाक्यांत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, म्हणून हा कर्तरी प्रयोग. हीच गोष्ट भूतकाळात सांगायची झाली की 'मुलाने पत्र लिहिले', 'मुलाने चिठ्ठी लिहिली', 'मुलाने लेख लिहिला' अशी वाक्यं होतात. इथे मुलाच्या जागी मुलगी आली तरी 'लिहिले' तसंच राहतं. बदलतं ते पत्राच्या जागी चिठ्ठी आली की. क्रियापद कर्माच्या मागे गेलं, म्हणून हा कर्मणी प्रयोग. 'मी पत्र लिहिले' हेसुद्धा कर्मणीच आहे. 'मी'ला 'ने' दिसत नाही म्हणून मुलं त्याला हमखास कर्तरी म्हणतात. पण 'मी चिठ्ठी लिहिली', 'मी लेख लिहिला' असं बदलून पाहिलं की लगेच कळतं.

म्हणजे भूतकाळातलं सकर्मक वाक्य मराठीत बहुधा आधीपासूनच कर्मणी असतं. अपवाद आहेत. 'मी वही विसरलो', 'ती धडा शिकली' यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं. 'मुलाने चोराला पकडले' या वाक्यात कर्मालाही 'ला' लागला आहे, त्यामुळे क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं. तो भावे प्रयोग. पण साधारण नियम म्हणून 'सकर्मक आणि भूतकाळ, तर बहुतेक कर्मणी' हे धरून चालता येतं.

दुसरी रचना म्हणजे 'मुलाकडून पत्र लिहिले जाते'. यात कर्त्याला 'कडून' लागतं आणि मूळ क्रियापदाच्या जोडीला 'जाणे' येतं. काही पुस्तकं याला नवीन कर्मणी म्हणतात, काही कर्मकर्तरी. क्रियापद इथेही कर्माप्रमाणेच चालतं, पण भर पूर्ण वेगळा असतो. 'मुलाने पत्र लिहिले' म्हणताना मुलगा वाक्याच्या मध्यभागीच असतो. त्याने काय केलं ते आपण सांगत असतो. 'पत्र लिहिले जाते' म्हणताना पत्र पुढे येतं आणि मुलगा बाजूला सरतो. तो वाक्यातून काढून टाकला तरी चालतं.

वर्कशीटला यातली कोणती रचना हवी आहे हे सूचनेच्या शब्दांवरून नेहमी कळत नाही. ते वरच्या सोडवलेल्या नमुन्यावरून किंवा वर्गात काय शिकवलं त्यावरून ठरतं. नमुना 'मुलगा पत्र लिहितो – मुलाने पत्र लिहिले' असा असेल तर पहिली रचना हवी आहे. अशा वेळी एक गोष्ट मुलीला दाखवून द्या: या रूपांतरात काळही बदलला. वर्तमानातलं वाक्य भूतकाळात गेलं, म्हणजे तेच वाक्य दुसऱ्या प्रयोगात लिहिलं असं काटेकोरपणे म्हणता येत नाही. नमुन्यात 'कडून' आणि 'जाते' दिसलं तर दुसरी रचना हवी आहे. तुमच्या वर्कशीटमध्ये दुसरीच आहे, म्हणून पुढे सगळं तिच्याबद्दल लिहितो.

रूपांतर करताना

आधी कर्म शोधायचं. क्रियापदाला 'काय' किंवा 'कोणाला' विचारलं की ते सापडतं. मग कर्त्याचं सामान्यरूप करून त्याला 'कडून' लावायचं: मुलगा – मुलाकडून, माळी – माळ्याकडून, विद्यार्थी – विद्यार्थ्याकडून, मी – माझ्याकडून, ते – त्यांच्याकडून. तिसरी पायरी, मूळ क्रियापदाचं 'ला'कारान्त रूप घ्यायचं आणि ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालवायचं. बहुतेक धातू सरळ जातात, पण करणे – केला, देणे – दिला, घेणे – घेतला, सांगणे – सांगितला, मागणे – मागितला, म्हणणे – म्हटला ही रूपं पाठ असलेली बरी. शेवटी 'जाणे' हे क्रियापद मूळ वाक्याच्या काळात ठेवायचं.

मुलं सर्वांत जास्त चुकतात ती या शेवटच्या पायरीवर. 'लिहिले' हे रूप दिसायला भूतकाळाचं असल्यामुळे 'मुलाने पत्र लिहिले' याचं रूपांतर ती 'मुलाकडून पत्र लिहिले जाते' असं करतात. भूतकाळ 'लिहिले'मध्ये आलाच, असं त्यांना वाटतं. पण या रचनेत 'लिहिले' काळ दाखवत नाही. काळ पूर्णपणे 'जाणे' दाखवतं. खालच्या जोड्या एकदा मोठ्याने वाचून घेतल्या की हे पक्कं बसतं:

लिहितो – लिहिले जाते
लिहीत आहे – लिहिले जात आहे
लिहीत होता – लिहिले जात होते
लिहिले – लिहिले गेले
लिहिले आहे – लिहिले गेले आहे
लिहील – लिहिले जाईल
लिहू शकतो – लिहिले जाऊ शकते
लिहीत नाही – लिहिले जात नाही

दुसरी नेहमीची चूक लिंगवचनाची. दोन्ही शब्द कर्माप्रमाणे चालतात, एकच नाही. चिठ्ठी लिहिली जाते, चिठ्ठ्या लिहिल्या जातात, लेख लिहिला जातो, पत्रे लिहिली जातात. 'चिठ्ठ्या लिहिले जातात' हे चूक, कारण पुढचा शब्द बदलला आणि मागचा तसाच राहिला.

तिसरी चूक 'ला' लागलेल्या कर्माची. 'शिक्षक मुलीला बोलावतात' याचं रूपांतर 'शिक्षकांकडून मुलीला बोलावले जाते' असं होतं. 'मुलीला' असं रूप ठेवलं की क्रियापद मुलीच्या मागे जात नाही, म्हणून 'मुलीला बोलावली जाते' हे चूक. 'ला' काढून 'मुलगी बोलावली जाते' म्हटलं तर क्रियापद तिच्याप्रमाणे चालतं. दोन्हींपैकी एक घ्या, मिसळू नका.

वाक्यात देणारा, घेणारा आणि वस्तू अशा तिन्ही गोष्टी असतील, जसं 'शिक्षक मुलांना पुस्तके देतात', तर घेणाऱ्याचा 'ना' तसाच राहतो आणि क्रियापद वस्तूप्रमाणे चालतं: 'शिक्षकांकडून मुलांना पुस्तके दिली जातात.' घेणाऱ्याला प्रथमेत आणून 'मुले पुस्तके दिली जातात' असं मराठीत करता येत नाही. इंग्रजीच्या तासाला तशी वाक्यं करून आलेली मुलं इथे नेमकी अडकतात.

काही क्रियापदांना मात्र या पायऱ्या लागूच पडत नाहीत, आणि तरीही ती वर्कशीटमध्ये सापडतात. 'मला ही कविता आवडते' हे त्यांतलं सगळ्यांत सामान्य. याचं 'माझ्याकडून ही कविता आवडली जाते' होत नाही. 'मला' हा इथे काही करणारा नाही. आवडणं त्याच्या बाबतीत घडतं आहे. क्रियापद आधीच कवितेप्रमाणे चालतं आहे: कविता आवडते, कविता आवडतात, लेख आवडतो. बाजूला सारायला क्रिया करणारा कोणीच नाही. कळणे, दिसणे, वाटणे, मिळणे, समजणे यांचंही तसंच. असा प्रश्न आला तर तो वाक्य निवडणाऱ्याचा दोष आहे, मुलीचा नाही. शिक्षकांना तसं विचारायला हरकत नाही.

वाक्य का खटकतं

आता तुमच्या मूळ शंकेकडे. कर्मणी वाक्य खटकतं तेव्हा लोक 'मराठीत असं बोलत नाहीत' एवढंच म्हणून थांबतात. ते पुरेसं नाही, कारण 'ही बोली डोंगराळ भागात बोलली जाते', 'हा शब्द असा उच्चारला जातो', 'त्याला वारंवार डावललं गेलं' ही वाक्यं सगळे सहज बोलतात. 'जाणे'ची रचना मराठीला परकी नाही. खटकण्याचं कारण बहुतेक वेळा 'कडून'मध्ये असतं.

'कडून' मराठीत फक्त कर्ता दाखवायचं काम करत नाही. त्याला आपले जुने, घट्ट अर्थ आहेत, आणि वर्कशीटच्या वाक्यात ते न बोलावता शिरतात. असे तीन अर्थ मला रूपांतराच्या वाक्यांत पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिला अर्थ 'हातून घडलं' असा. 'माझ्याकडून चूक झाली', 'तिच्याकडून वही हरवली', 'त्याच्याकडून कप फुटला'. या सगळ्यांत करणाऱ्याचा इरादा नव्हता असं आपण मानतो. म्हणून ठरवून केलेल्या कामाला 'माझ्याकडून' लावलं की वाक्य विचित्र होतं. 'मी त्याला ओळखले' यात मी पाहिलं आणि ओळखलं. 'माझ्याकडून तो ओळखला गेला' म्हटलं की ओळखायचं नव्हतं तरी ओळखलं, असा सूर येतो. तुम्हाला वाचताना जे चूक वाटतं ते हेच. याउलट 'मीनाने वही हरवली' याचं 'मीनाकडून वही हरवली गेली' फारसं खटकत नाही, कारण हरवणं कोणी ठरवून करत नाही आणि 'कडून'चा अर्थ क्रियेशी जुळतो. बोलताना मात्र आपण 'मीनाकडून वही हरवली' एवढंच म्हणू. 'गेली'ची गरज नाही.

दुसरा अर्थ नकारात दिसतो, आणि तो जास्त फसवा आहे. 'माझ्याकडून अभ्यास होत नाही', 'तिच्याकडून इतकं चाललं जात नाही' ही वाक्यं 'जमत नाही' असं सांगतात. आता तुमचं दुसरं उदाहरण घ्या. मूळ वाक्य 'आजोबा रात्री पुस्तक वाचत नाहीत.' म्हणजे त्यांची तशी सवय नाही, किंवा त्यांना वाचायचं नसतं. रूपांतर केलेलं वाक्य 'आजोबांकडून रात्री पुस्तक वाचले जात नाही.' हे ऐकणारा विचारेल, डोळ्यांना त्रास आहे का? व्याकरणाचं एकही बोट ठेवता येणार नाही, पण वाक्याचा अर्थ 'वाचत नाहीत'वरून 'वाचवत नाही'वर गेला. रूपांतराची अट अर्थ तोच राहावा अशी असते, म्हणून हे उत्तर अवघडलेलं तर आहेच, शिवाय अर्थाच्या बाजूने कच्चंही आहे. तुमची तक्रार या वाक्याबद्दल सगळ्यांत रास्त आहे.

तिसरा अर्थ मुळाचा: एखादी गोष्ट जिथून आली तो. 'मित्राकडून पत्र आलं', 'दुकानदाराकडून वही घेतली', 'बहिणीकडून गाणं शिकले'. म्हणून घेणे, मागणे, ऐकणे, शिकणे, विकत घेणे अशा क्रियापदांबरोबर 'कडून' आलं की वाक्य उलटं वाचलं जातं. 'मित्राने पुस्तक मागितले' याचं नियमाप्रमाणे उत्तर 'मित्राकडून पुस्तक मागितले गेले.' कोणालाही हे एकटं वाचायला द्या. बहुतेक जण म्हणतील की कोणीतरी मित्राजवळ पुस्तक मागितलं. मागणारा देणारा झाला. 'मित्राकडून पुस्तक घेतले गेले' इथेही तेच. ही वाक्यं वर्कशीटमध्ये असूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मुलीने नियम अचूक पाळला तरी वाचणाऱ्याला विरुद्ध अर्थ पोचतो.

हे तिन्ही अर्थ एका व्यक्तीबद्दल बोलताना, विशेषतः मी, तू, आपली माणसं यांच्या बाबतीत, फार जोरात पुढे येतात. कर्ता संस्था, गट किंवा पद असेल तर ते मागे पडतात. 'आयोजकांकडून माहिती दडवली गेली', 'शाळेकडून स्पर्धा घेतली जाते', 'समितीकडून अर्ज तपासले जातील' ही वाक्यं बातमीत किंवा अहवालात अगदी सरळ वाटतात. दडवणं ठरवून केलेलं आहे, तरी तिथे 'चुकून' असा सूर येत नाही. म्हणून 'कडून असलं की अनैसर्गिक' असा सरसकट नियम करू नका. कर्ता कोण आहे, वाक्य बोलण्यातलं आहे की लिखाणातलं, यावर बरंच अवलंबून आहे.

तपासायचं कसं

मी वाक्यावर तीन प्रश्न लावून पाहतो. तिन्हींना मिळून अर्धा मिनिटही लागत नाही.

पहिला: 'कडून'चा भाग झाकला तर वाक्य उभं राहतं का? 'माळ्याकडून झाडांना पाणी घातले जाते' घ्या. 'माळ्याकडून' झाकलं की उरतं 'झाडांना पाणी घातले जाते'. ते पुरेसं आहे, उलट जास्त सुटसुटीत आहे. म्हणजे कर्मणी रचना इथे योग्य होती, कर्ता मात्र अनावश्यक होता. 'माझ्याकडून तो ओळखला गेला' यात 'माझ्याकडून' झाकलं तर उरलेलं 'तो ओळखला गेला' बरं वाटतं, पण सांगायचं होतं ते 'मी ओळखलं' हेच, आणि तेच निघून गेलं. कर्ता सांगणं गरजेचं असेल तर बहुतेक वेळा कर्मणी रचनाच चुकीची निवड असते.

दुसरा: वाक्यात 'मुद्दाम' घालून पाहा. 'मी मुद्दाम त्याची वही लपवली' ठीक. 'माझ्याकडून मुद्दाम त्याची वही लपवली गेली' म्हणताना जीभ अडखळते. मूळ वाक्यात 'मुद्दाम' बसत होतं आणि रूपांतरात बसेना, तर 'कडून'ने अर्थ बदलला असं समजा.

तिसरा: हे वाक्य कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? 'इथे काय होतं', 'याचं काय झालं' या प्रश्नांना कर्मणी उत्तर शोभतं. 'इथे काय होतं?' – 'इथे जुनी पुस्तकं दुरुस्त केली जातात.' 'कोणी केलं' या प्रश्नाला ते शोभत नाही. 'हे चित्र कोणी काढलं?' या प्रश्नाला कोणीही 'मीनाकडून काढलं गेलं' असं उत्तर देणार नाही. 'मीनाने' एवढंच म्हणेल.

मराठी त्याच जागी काय करते

वर्कशीटचं वाक्य खटकलं की मुलगी विचारेल, मग बरोबर काय? कर्त्याला मागे सारायचे मराठीजवळ बरेच मार्ग आहेत आणि 'जाणे' हा त्यांतला एकच आहे. हे मार्ग माहीत असले की खटकणाऱ्या वाक्याच्या जागी काय घालायचं ते पटकन सुचतं.

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे शब्दक्रम. कर्म पुढे आणायचं, बाकी काही बदलायचं नाही: 'हे चित्र मीनाने काढलं.' चित्रावर भर आला, मीनाही राहिली, 'कडून' लागलं नाही. इंग्रजीत ज्या कामासाठी क्रियापदाचं रूप बदलावं लागतं त्यातलं बरंचसं काम मराठीत नुसत्या क्रमाने होतं, कारण 'ने' आणि 'ला' यांमुळे करणारा कोण हे क्रम बदलला तरी कळतंच. मराठीत 'कडून जाते' कमी लागतं याचं हे मोठं कारण आहे.

दुसरा मार्ग, कर्ता गाळायचा. 'चोराला पकडलं.' 'त्यांचं जुनं घर पाडलं.' कोणी पकडलं, कोणी पाडलं, हे सांगितलं नाही आणि वाक्य पूर्ण आहे. नेहमीच्या गोष्टींसाठी अनेकवचनी क्रियापद वापरतो: 'या झाडाला वड म्हणतात', 'इकडे ही बोली बोलतात'.

तिसरा मार्ग, अकर्मक जोडीदार. फोडणे–फुटणे, तोडणे–तुटणे, सोडणे–सुटणे, पाडणे–पडणे. 'मुलाकडून फांदी तोडली गेली' हे ओढूनताणून. 'फांदी तुटली' हे सरळ. पण सावध राहा: 'फांदी तुटली' म्हणताना कोणी तोडली की आपोआप तुटली हे गुलदस्त्यात राहतं. कोणीतरी तोडली एवढं तरी सांगायचं असेल तर 'फांदी तोडली गेली' किंवा नुसतं 'फांदी तोडली' हवं. इथे 'जाणे'ची रचना खरोखर उपयोगी आहे.

चौथा 'ण्यात येणे'. 'अर्ज स्वीकारण्यात येतील', 'नोंद घेण्यात आली'. हा सूचनाफलक, परिपत्रकं आणि अहवाल यांचा थाट आहे. क्रियापद इथेही कर्माप्रमाणे चालतं: अर्ज स्वीकारण्यात आला, नोंद घेण्यात आली, पत्र पाठवण्यात आले. घरगुती वाक्यात तो घातला तर सुरात बसत नाही. 'आज माझी खोली झाडण्यात आली' असं निबंधात आलं तर मी ते बदलायला सांगतो.

एक वर्कशीट पूर्ण तपासून

तुमच्या मुलीच्या पातळीची सहा वाक्यं घेऊन काय लिहावं आणि काय समजावं ते क्रमाने सांगतो.

'माळी झाडांना पाणी घालतो.' उत्तर: 'माळ्याकडून झाडांना पाणी घातले जाते.' कर्म 'पाणी', म्हणून 'घातले जाते'. 'झाडांना' तसंच राहिलं. स्वीकारार्ह. निबंधात लिहिताना 'माळ्याकडून' काढून टाकावं.

'शिक्षक मुलांना पुस्तके देतात.' उत्तर: 'शिक्षकांकडून मुलांना पुस्तके दिली जातात.' चांगलं वाक्य. 'शाळेत मुलांना पुस्तके दिली जातात' त्याहून चांगलं.

'मी त्याला ओळखले.' उत्तर: 'माझ्याकडून त्याला ओळखले गेले' किंवा 'माझ्याकडून तो ओळखला गेला'. गुणांसाठी दोन्ही बरोबर, वापरासाठी एकही नाही. मूळ वाक्यच ठेवावं.

'आजोबा रात्री पुस्तक वाचत नाहीत.' रूप बरोबर येतं, अर्थ 'जमत नाही'कडे सरकतो. शेजारी तशी खूण करावी.

'मित्राने पुस्तक मागितले.' रूप बरोबर येतं, अर्थ उलटतो. भर पुस्तकावर हवा असेल तर 'पुस्तक मित्राने मागितले' एवढं पुरे.

'मला ही कविता आवडते.' रूपांतर होत नाही. रिकामी जागा सोडण्यापेक्षा 'मुद्दाम क्रिया करणारा कोणी नाही, म्हणून रूपांतर शक्य नाही' असं कारण लिहावं.

गुणांच्या बाबतीत व्यवहार साधा ठेवा. परीक्षेत ती नमुन्याप्रमाणेच उत्तर लिहू दे, कारण तिथे रूपच तपासलं जातं आणि 'मला बरं वाटलं नाही' म्हणून वेगळं लिहिलं तर गुण जातील. सरावाच्या वहीत मात्र प्रत्येक उत्तरासमोर तिला एक खूण करायला सांगा: बोलण्यात चालेल, फक्त लिखाणात चालेल, किंवा अर्थ बदलतो. तिसरी खूण आली की 'कडून'चा कोणता अर्थ आत शिरला ते एका शब्दात लिहायचं: चुकून, जमेना, किंवा कुठून.

उलट दिशेचं रूपांतर, म्हणजे कर्मणीचं कर्तरी करणं, आलं तर आणखी एक अडचण येते. 'दार उघडले गेले' या वाक्यात कर्ता दिलेलाच नाही. अशा वेळी मुलं 'त्याने' किंवा 'मुलाने' असा कर्ता मनाने घालतात. तसं करू नये. 'कोणीतरी दार उघडले' असं लिहावं, कारण मूळ वाक्यात कर्त्याबद्दल तेवढीच माहिती आहे. आणि काटेकोर पाहिलं तर 'कोणीतरी दार उघडले' हेही कर्मणीच आहे, 'उघडले' दाराच्या मागे चाललं आहे. खरा कर्तरी हवा असेल तर 'कोणीतरी दार उघडतो' असं वर्तमानात जावं लागतं, म्हणजे काळ बदलतो. वर्कशीटला यातलं कोणतं उत्तर हवं आहे ते पुन्हा नमुन्यावरूनच ठरवावं लागेल, आणि नमुना नसेल तर शिक्षकांना आधीच विचारून घेतलेलं बरं.